आर्चर सी७ व्ही५ वर ओपनडब्ल्यूआरटी टाकायचंय, पण ब्रिक झाला तर?

खिडकीकाठ

नमस्कार मंडळी. घरात टीपी-लिंकचा आर्चर सी७ आहे, खालच्या स्टिकरवर Ver: 5.0 असं लिहिलंय. लाइन १०० एमबीपीएसची, अपलोड २०. वेगाची तक्रार नाही. पण घरात कुणाचे फोटो क्लाउडवर चढायला लागले की माझ्या व्हिडिओ कॉलचे तुकडे पडतात. त्या वेळी पिंग करून बघितलं तर एरवी १५ मिलिसेकंद येणारा आकडा ४००च्या वर जातो. अपलोड संपलं की सगळं पूर्ववत.

याला बफरब्लोट म्हणतात आणि ओपनडब्ल्यूआरटी या मुक्त फर्मवेअरमधल्या एसक्यूएम नावाच्या रांग-नियंत्रणाने तो जातो, असं वाचलं. राउटर वॉरंटीबाहेर गेलाय, त्यामुळे ती भीती नाही. मात्र घरात हा एकच राउटर आहे. मध्येच वीज गेली किंवा चुकीची फाइल पडली तर तो कायमचा मरतो का? की मरतो म्हणजे नेमकं काय होतं? लिनक्सची कमांड लाइन घाबरवत नाही, हार्डवेअर उघडायला मात्र मन धजत नाही.

टकमक

कशाला नसत्या भानगडीत पडताय? चांगला चालणारा राउटर आहे. मूळ फर्मवेअर काढलं की वेग निम्म्यावर येतो, कारण कंपनीच्या फर्मवेअरमध्ये हार्डवेअरकडून नॅट होतं आणि ओपनडब्ल्यूआरटीत ते सगळं प्रोसेसरच्या गळ्यात पडतं. जुनं देऊन नवीन घ्या.

रानपाखरू

टकमक यांचं कारण बरोबर आहे, पण या धाग्याला ते लागू पडत नाही. सी७ व्ही५ मध्ये ७५० मेगाहर्ट्झचा क्यूसीए९५६३ आहे. हार्डवेअर नॅट गेलं की गिगाबिटच्या लाइनवर हा प्रोसेसर नक्कीच धापा टाकतो. एसक्यूएम लावलं तर दीडशे-दोनशे एमबीपीएसच्या आसपास त्याचा दम संपतो. सॉफ्टवेअर फ्लो ऑफलोडिंग चालू करून वेग थोडा परत मिळवता येतो, पण ते आणि एसक्यूएम एकमेकांशी पूर्णपणे जुळत नाहीत. तुमची लाइन १०० ची आहे, तेव्हा तुम्ही सुखात आहात. ३०० ची असती तर मीच नको म्हटलं असतं.

आता ब्रिकबद्दल. या राउटरमध्ये १६ एमबीची फ्लॅश आहे आणि ती विभागांत वाटलेली आहे. सुरुवातीला बूटलोडर, म्हणजे यू-बूट. मधला मोठा भाग फर्मवेअरचा. आणि शेवटाकडे art नावाचा चिमुकला विभाग, ज्यात तुमच्याच राउटरच्या वायफाय रेडिओचं कॅलिब्रेशन असतं. ओपनडब्ल्यूआरटी टाकताना फक्त मधला भाग लिहिला जातो. त्या वेळी वीज गेली तर अर्धवट लिहिलेलं फर्मवेअर चालू होणार नाही, पण यू-बूट जागच्या जागी शाबूत असतो. आणि या यू-बूटला रिसेटचं बटण दाबून उठवलं की तो नेटवर्कवरून टीएफटीपीने नवीन फाइल मागतो. राउटर उघडावा लागत नाही.

खरा मेलेला राउटर म्हणजे ज्याचा यू-बूटच पुसला गेलाय तो. तिथे फ्लॅशच्या चिपला क्लिप लावून बाहेरून लिहावं लागतं. साध्या इन्स्टॉलमध्ये तिथवर पोचायला मुद्दाम वाकडी वाट धरावी लागते.

म्हणून कुठलाही राउटर घ्या, पहिला प्रश्न "फर्मवेअर कसं टाकू" हा नसावा. "ते बिघडलं तर यू-बूट मला कुठल्या दाराने आत घेतो" हा असावा. सी७ व्ही५ ला ते दार आहे. काही मॉडेलांना नाही, तिथे सीरियल पिना शोधत बसावं लागतं.

सावली_सावली

मलाही हेच करायचंय! माझ्याकडे इंटरनेटवाल्यांनी बसवलेला फायबरचा डबा आहे, त्यालाच वायफाय आहे. त्यावर ओपनडब्ल्यूआरटी कसं टाकायचं? सी७ ची फाइल चालेल का?

रानपाखरू

सावलीताई, अजिबात नको. दुसऱ्या मॉडेलची फाइल म्हणजे ब्रिकचा राजमार्ग. एकाच मॉडेलच्या व्ही२ आणि व्ही५ मध्येसुद्धा चिप आणि विभागणी वेगळी असते, तुमचा तर डबाच वेगळा. शिवाय फायबरचा डबा प्रकाश ओळखून कंपनीच्या यंत्रणेत स्वतःची नोंद करतो. बहुतेक डब्यांचा तो भाग ओपनडब्ल्यूआरटीला हाताळता येत नाही. तो डबा आहे तसा ठेवा आणि त्याच्या मागे स्वतःचा राउटर लावा.

जुनाखेळाडू

डब्ल्यूआरटी५४जी च्या काळापासून हे उद्योग करतोय, म्हणून एक महत्त्वाची गोष्ट सांगतो. परत मूळ फर्मवेअरवर जायचं असेल तर कंपनीची फाइल जशीच्या तशी टाकू नका. नावात boot असेल तर त्या फाइलच्या सुरुवातीला यू-बूट असतो, तो आधी कापून टाकायचा. नाहीतर राउटर गेलाच.

```
dd if=orig.bin of=tplink.bin skip=257 bs=512
```

हे केल्याशिवाय टीएफटीपीच्या वाटेला जाऊच नका.

रानपाखरू

काका, ही कमांड सोन्यासारखी आहे, पण जुन्या घरात. २५७ गुणिले ५१२ म्हणजे १२८ किलोबाइटचा यू-बूट आणि वर ५१२ बाइटचा मथळा, एवढं ती कापते. जुन्या ८४१ साठी किंवा सी७ च्याच व्ही२ साठी ओपनडब्ल्यूआरटीतून थेट मूळ फाइल लिहायची असेल तर ती हवीच. व्ही५ च्या फाइलची रचना वेगळी आहे. तिची पहिली १२८ केबी कापली तर उरलेलं यू-बूटला ओळखूच येणार नाही. आणि व्ही५ वर टीएफटीपीने परत जाताना फाइल न कापताच द्यायची असते, कारण तिथे लिहिणारा यू-बूट स्वतः असतो.

जुनाखेळाडू

असेल. मला नव्या सेफलोडरवाल्या फाइलींचा अनुभव नाही. तरीही कंपनीची फाइल `sysupgrade` मध्ये ढकलू नका, एवढं माझं म्हणणं कायम.

रानपाखरू

त्याला पूर्ण सहमती.

खिडकीकाठ, तुमच्यासाठी माझा सल्ला थोडा उलटा आहे. बहुतेक जण मूळ फर्मवेअरच्या पानावरून फाइल चढवतात. ते चालतं. काही वेळा लांबलचक नाव बघून ते पान फाइल नाकारतं, मग नाव लहान करून पुन्हा द्यायची. मी मात्र पहिलं इन्स्टॉलच टीएफटीपीने करा म्हणेन. त्यामुळे बिघाड झाला तर परतीची वाट चालते का, हे राउटर धडधाकट असतानाच कळतं. आग लागल्यावर नळ शोधण्यापेक्षा हे बरं.

`firmware-selector.openwrt.org` वर जाऊन Archer C7 निवडा आणि v5 आहे याची दोनदा खात्री करा. तिथे दोन फाइली दिसतील. `factory.bin` कंपनीच्या फर्मवेअरवरून येताना, `sysupgrade.bin` ओपनडब्ल्यूआरटी आधीच असताना. तुम्हाला factory हवी. उतरवल्यावर `sha256sum` काढून पानावरच्या आकड्याशी ताडून बघा. मग तिचं नाव बदलून नेमकं `ArcherC7v5_tp_recovery.bin` करा, एक अक्षरही इकडचं तिकडे नको, आणि ती `/srv/tftp` मध्ये ठेवा.

हा यू-बूट स्वतः 192.168.0.86 पत्ता घेतो आणि 192.168.0.66 कडे फाइल मागतो. म्हणून संगणकाला ६६ वर बसवायचं. पत्त्याच्या ओळीत तुमच्या लॅन कार्डाचं नाव घाला.

```
sudo ip addr add 192.168.0.66/24 dev enp3s0
sudo dnsmasq --no-daemon --port=0 \
  --enable-tftp --tftp-root=/srv/tftp
```

वॅनची केबल काढा, संगणक लॅनच्या पोर्टला जोडा. राउटर बंद करा, रिसेट दाबून धरा, चालू करा आणि डब्ल्यूपीएसचा दिवा लागेपर्यंत सोडू नका. दुसऱ्या खिडकीत dnsmasq काय म्हणतोय ते बघा. `sent ... to 192.168.0.86` अशी ओळ आली की फाइल पोचली. त्यानंतर पाच मिनिटं हात बांधून बसायचं. इथेच लोक अधीर होऊन प्लग उपटतात.

खिडकीकाठ

आजच बसलो. पण dnsmasq मध्ये एकही ओळ येत नाही. दिवा लागतो, मग राउटर नेहमीसारखा मूळ फर्मवेअरवर चालू होतो. म्हणजे माझ्या यू-बूटला हे दार नाही का?

टकमक

बघा, मी म्हणत होतो.

जुनाखेळाडू

फायरवॉल. यूडीपीचा ६९ नंबरचा पोर्ट उघडा आहे का?

रानपाखरू

फायरवॉल बघाच, पण माझा संशय दुसरीकडे आहे. राउटर बंद केला की तुमच्या संगणकाची लॅनची लिंक पडते. राउटर चालू झाल्यावर ती परत यायला दोन-तीन सेकंद जातात, आणि नेटवर्कमॅनेजर तेवढ्यात तुम्ही हाताने दिलेला ६६ काढून टाकून आपोआप पत्ता शोधायला लागतो. यू-बूट इतका वेळ थांबत नाही. दोघांच्या मध्ये एखादा साधा स्विच लावा, म्हणजे संगणकाची लिंक कधी पडणारच नाही. स्विच नसेल तर नेटवर्कमॅनेजरमध्येच ६६ हा पत्ता कायमचा म्हणून द्या.

आणि हे बघा की राउटर परत मूळ फर्मवेअरवर आला. म्हणजे फाइल मिळाली नाही तर यू-बूट काही न पुसता पुढे जातो. ही चांगली बातमी आहे.

खिडकीकाठ

स्विच लावला आणि पहिल्या झटक्यात `sent` आलं! सगळे दिवे गेले, आले, पुन्हा गेले. दहा मिनिटं थांबलो.

पण आता मेलाय बहुतेक. 192.168.0.1 उघडत नाही, पिंग नाही. वायफायचं नाव फोनवर कुठेच दिसत नाही. पॉवरचा दिवा मात्र स्थिर आहे. टीएफटीपी परत करू का?

टकमक

ब्रिक. मी काही बोलत नाही आता.

रानपाखरू

थांबा, काही करू नका. पॉवरचा दिवा आधी लुकलुकून मग स्थिर झाला असेल तर ओपनडब्ल्यूआरटी पूर्ण बूट झालंय. फर्मवेअर बिघडलेलं असतं तर तो स्थिर झालाच नसता, राउटर पुन्हा पुन्हा चालू होत राहिला असता.

ओपनडब्ल्यूआरटीचा पत्ता 192.168.1.1 आहे, 0.1 नाही. वायफाय पहिल्यांदा मुद्दाम बंद असतं, कारण पासवर्डच ठरलेला नसताना ते उघडं सोडणं बरं नाही. आणि तुमच्या संगणकाला आपणच 192.168.0.66 वर बांधून ठेवलंय, तेव्हा तो 1.1 ला बघणार कसा? पत्ता पुन्हा आपोआपवर टाका आणि मग उघडा.

खिडकीकाठ

उघडलं! लुसीचं, म्हणजे ओपनडब्ल्यूआरटीच्या सेटिंगचं पान आलं, root ला पासवर्ड नव्हता, तो लगेच घातला. टकमक, आता बोला.

टकमक

नेट चालतंय का ते सांगा आधी.

खिडकीकाठ

तेच तर. वॅनची केबल लावली आणि नेट नाही. वॅनला पत्ता मिळालेला दिसतो, 192.168.1.5. शिवाय लुसीचं पानही मधूनच अडखळतंय. वॅनची केबल काढली की पान ठीक.

सावली_सावली

मला यातलं फारसं कळत नाही, पण माझ्या फायबरच्या डब्याचा पत्ता 192.168.1.1 आहे, त्याच्या मागे तसंच लिहिलंय. तुमच्या राउटरचाही तोच झाला ना? मग दोघांचा गोंधळ होत नसेल का?

रानपाखरू

सावलीताईंनी नेमकं पकडलं. वॅनला 1.5 मिळाला म्हणजे वरचा डबा 1.x मध्ये आहे, आणि तुमचा लॅनही 1.x. राउटरला आत कुठलं आणि बाहेर कुठलं हेच कळेनासं होतं. मूळ फर्मवेअर 0.x वर होतं म्हणून हा प्रश्न आजवर आला नाही. वॅन काढून ठेवा आणि लॅनचा पत्ता बदला:

```
uci set network.lan.ipaddr='192.168.10.1'
uci commit network
service network restart
```

शेवटच्या ओळीनंतर तुमचं एसएसएच लटकेल, ते अपेक्षितच आहे. केबल काढून घाला, नवीन पत्ता मिळेल, मग 192.168.10.1 वर जा.

या बदलात चुकीचा पत्ता पडला आणि आत शिरता आलं नाही, तर तोही ब्रिक नाही बरं का. बूट होताना पॉवरचा दिवा भराभर लुकलुकायला लागला की रिसेट दाबायचं, राउटर फेलसेफमध्ये जातो. तिथे तो पत्ते वाटत नाही, म्हणून संगणकाला 192.168.1.2 हाताने द्यायचा, root म्हणून 1.1 वर एसएसएच करायचं आणि `firstboot -y && reboot`. सेटिंग पुसली जातात, फर्मवेअर राहतं. टीएफटीपीपर्यंत जायची गरजच नाही.

खिडकीकाठ

नेट आलं. सावलीताई, मनापासून आभार. वायफायही चालू केलं, देशाचा कोड भरल्यावर ५ गिगाहर्ट्झचे जास्त चॅनेल दिसायला लागले.

`luci-app-sqm` टाकलं. इंटरफेस कुठला निवडू? यादीत `eth0`, `eth0.1`, `eth0.2`, `br-lan` असं बरंच काही आहे.

रानपाखरू

तुम्हाला वॅनवर थेट पत्ता मिळतोय, म्हणून `eth0.2`. ज्यांना लॉगिन-पासवर्ड घालून जोडावं लागतं त्यांनी `pppoe-wan` घ्यावं. रांगेसाठी `cake`, स्क्रिप्ट `piece_of_cake.qos`. डाउनलोडला 90000, अपलोडला 18000 भरा, म्हणजे लाइनच्या नव्वद टक्के. वेग थोडा सोडून द्यायचा, म्हणजे रांग वरच्या डब्यात न साचता तुमच्या राउटरमध्ये साचते, आणि तुमचा राउटर ती शहाणपणाने हाताळतो. पिंग अजूनही चढत असेल तर आकडे आणखी उतरवा, नसेल तर हळूहळू वाढवत न्या.

खिडकीकाठ

अपलोड चालू ठेवून पिंग केला. ४०० वरून २५ ते ३० वर आलाय. डाउनलोड ८७ मिळतोय. यासाठीच हा सगळा खटाटोप होता.

एक कुरबुर आहे. ५ गिगाहर्ट्झवर एक जुना लॅपटॉप मधूनच तुटतो आणि लगेच जोडला जातो. बाकीची उपकरणं ठीक आहेत.

जुनाखेळाडू

ते ath10k-ct मुळे. ओपनडब्ल्यूआरटी या रेडिओसाठी मूळ फर्मवेअरऐवजी ct वालं देतं. `kmod-ath10k-ct` आणि `ath10k-firmware-qca988x-ct` काढा, त्या जागी `kmod-ath10k` आणि `ath10k-firmware-qca988x` घाला. माझ्याकडे त्याने थांबलं.

रानपाखरू

माझ्याकडे उलट आहे, ct वालंच महिनोन्‌महिने शांत चालतंय आणि दुसऱ्यावर एक फोन रुसतो. यात मी पैज लावणार नाही. आधी `logread` मध्ये बघा की तुटताना काय लिहून येतंय. रेडिओचं फर्मवेअर कोसळल्याची ओळ असेल तर काकांचा उपाय करून बघा. नुसतं त्या लॅपटॉपचं डिसकनेक्ट दिसत असेल तर चॅनेलची रुंदी ८० वरून ४० वर आणून बघा.

दोन्ही जोड्या एकदम नांदत नाहीत, तेव्हा बदलताना लॅनच्या केबलवर राहा.

आणि त्याआधी एक काम आजच करा. तो art विभाग उतरवून ठेवा. ओपनडब्ल्यूआरटी त्याला हात लावत नाही, पण तो गेला तर दुसऱ्याच्या राउटरमधला आणून टाकता येत नाही, वायफाय कायमचं बेसूर होतं. आधी यादी बघा, art समोरचा आकडा वाचा आणि संगणकावरून ओढून घ्या. इथे ५ हा उदाहरणादाखल आहे, तुमच्या यादीत असेल तो घाला:

```
ssh root@192.168.10.1 cat /proc/mtd
ssh root@192.168.10.1 cat /dev/mtd5 > art.bin
```

`scp` ने करणार असाल तर `-O` लावा, नाहीतर राउटरच्या बाजूला एसएफटीपी नसल्यामुळे चूक येते. यू-बूटचा विभागही असाच उतरवा. राउटरवरच ठेवू नका, त्याचा काय उपयोग!

टकमक

मान्य, चाललं. पण पुढच्या आवृत्तीला हे सगळं परत?

रानपाखरू

नाही. आता `sysupgrade.bin` लुसीमधूनच जाते आणि सेटिंगही राहतात. राहत नाहीत ती वरून टाकलेली पॅकेजेस. म्हणजे खिडकीकाठ यांचं एसक्यूएम नाहीसं होईल, त्याची सेटिंगची फाइल मात्र राहील. परत टाकलं की चालू. हे टाळायचं असेल तर २४.१० मध्ये `owut` आहे, ते तुमच्या पॅकेजांसकट नवीन फाइल बनवून घेतं. प्रत्यक्ष काही लिहायच्या आधी `owut check` चालवा. सगळी पॅकेजेस नव्या आवृत्तीत आहेत का ते त्यातून कळतं.

सावली_सावली

मी आज एक जुना राउटर मिळवलाय, स्टिकरवर ८४१एन व्ही९ आहे. माझ्या डब्यामागे तोच लावू का?

जुनाखेळाडू

ताई, त्यात ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅम. त्यासाठी १९.०७ नंतर अधिकृत फाइलच निघालेली नाही. चालेल, पण सुरक्षेची दुरुस्ती कधीच मिळणार नाही.

रानपाखरू

आणि एसक्यूएम टाकायला त्यात जागाही उरत नाही. निदान १६ एमबी फ्लॅश आणि १२८ एमबी रॅमचा बघा. घेण्याआधी स्टिकरवरची आवृत्ती इथे लिहा, टीएफटीपीचं दार आहे का ते बघून सांगतो.